तिसऱ्या डब्याचं काम

विज्ञानाच्या प्रकल्पासाठी फिल्म करणाऱ्या नववीच्या त्या गटात पाच जणं होती आणि पाचांनाही दिग्दर्शकच व्हायचं होतं. आता पाच दिग्दर्शक म्हणजे एका स्वयंपाकघरात पाच सासवा. विज्ञानाच्या बाई टेबलावर पेन आपटत म्हणाल्या, "विषय कचरा वेगळा करण्याचा आहे, आणि तुम्हांला आधी तुमचीच कामं वेगळी करता येत नाहीत. आधी कामं लिहा. माणसं मागाहून."

मग कामं लिहिली गेली. संहिता, शॉटांची यादी, कॅमेरा, निवेदन, सामान जमवणं, डब्यांसमोर दिसणारे हात, संकलन. बाईंनी एक सामाईक तक्ता करायला लावला. शाळेच्या संगणकावरचा, घरून मोबाइलवरही उघडणारा. एका ओळीत एक काम. ते कोणाकडे, कधीपर्यंत, कोणत्या कामावाचून अडतंय, आणि शेवटी जोडीदार. म्हणजे मूळ माणूस आला नाही तर ते काम कोणी करायचं. ओळीचा रंगही ठरला. झालं तर हिरवी, चालू असेल तर पिवळी, घोडं अडलं तर लाल.

"आणि एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "ज्याची ओळ, त्याला विचारल्याशिवाय त्यात कोणी बोट घालायचं नाही."

तक्ता सांभाळायचं काम मुकादमाकडे गेलं. त्याचं हे नाव पहिलीपासूनचं. पहिलीत असताना तो डबा खाणाऱ्या पोरांना रांगेत बसवायचा, यावरून काय ते ओळखा. लांब्याकडे कॅमेरा, कारण त्याला वरून शॉट घ्यायला स्टूल लागत नव्हतं. पोपटाकडे निवेदन. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो पोरगा, पण आवाज खणखणीत. कासवाकडे संकलन. ती सगळं सावकाश करायची, पण एकदा केलेलं परत करावं लागत नसे. आणि ठकीकडे सामान आणि हात.

ठकी म्हणजे वायरमनची मुलगी. हे नाव तिला बापानेच दिलेलं. लहानपणी एका जागी बसवली की लाकडी ठकीसारखी डोळे मोठे करून बघत बसायची, म्हणून. आता चौदा वर्षांची झाली तरी नाव काही सुटलं नाही. बाप कित्येक महिन्यांपासून छातीच्या दुखण्याने घरीच होता. आई शिलाईच्या कारखान्यात जायची. सकाळ-संध्याकाळ गोळ्या द्यायचं काम ठकीचं. ते कोणी तिच्याकडे दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं.

संहिता पहिल्यांदा वाचली तेव्हाच सगळी गंमत झाली. पोरांनी लिहिलं होतं: ओला कचरा पहिल्या डब्यात, सुका दुसऱ्या डब्यात, आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या तिसऱ्या, घातक कचऱ्याच्या डब्यात.

बाईंनी तिथेच लाल फुली मारली. "रिकामी पट्टी घातक कशी? ती सुक्यात. आतली गोळी शिल्लक राहिली, मुदत संपली, तर ती तिसऱ्या डब्यात. पट्टीसकट, कागदात गुंडाळून, वर लिहून. मोरीत नाही, ओल्यात नाही. नीट बघा, पट्टी तीच, पण आत औषध उरलंय की नाही त्यावर डबा बदलतो."

"मग सोप्पं आहे," मुकादम म्हणाला. "रिकाम्या पण ठकी आणेल, उरलेल्या पण ठकी आणेल. तिच्या घरी तर दुकानच आहे."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ठकी ताडकन उभी राहिली. "आमच्या घरी काही उरणार नाही," ती म्हणाली. "एकही गोळी उरणार नाही. माझे बाबा सगळ्या घेतात. रिकाम्या पाहिजेत तेवढ्या देते. तिसऱ्या डब्याचं काम माझ्या नावावर लावायचं नाही, सांगून ठेवते."

मुकादमाने कान खाजवले आणि तक्त्यात लिहिलं: सुका कचरा, सामान आणि हात, ठकी, जोडीदार पोपट. तिसरा डबा, सामान आणि हात, पोपट. पोपटाच्या आजीचं कपाट जुन्या औषधांनी भरलेलं होतं, त्यामुळे चिंता नव्हती.

ठकीचा हट्ट एवढ्यावर थांबला नाही. सुक्या कचऱ्याचं शूटिंग सगळ्यांत शेवटी ठेवा म्हणाली. कारण विचारलं तर सांगेना. कासव कुरकुरली, "शॉट शेवटी आले तर जोडू कधी? निवेदन आधी रेकॉर्ड होणार, त्याच्या लांबीवर शॉट कापायचे. एक तुकडा नसेल तर पुढचं सगळं सरकतं."

"सरकत नाही," बाई म्हणाल्या. "त्या जागी तेवढ्या लांबीची काळी पट्टी टाकून ठेव. शॉट आला की तिच्यावर बसव. पण ठकी, शेवटचा आठवडा म्हणजे शेवटचा. त्यापुढे मोकळी जागा नाही."

"चालेल," ठकी म्हणाली.

कारण असं होतं, की डॉक्टरांनी नवीन गोळ्यांचा कोर्स दिला होता आणि तो बरोबर त्याच आठवड्यात संपत होता. कोर्स संपला की तपासणी, आणि तपासणी चांगली आली की बाबा शिडी खांद्यावर टाकून परत कामावर. डॉक्टर एवढं स्पष्ट काही बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "बघू या." पण ठकीने आपल्या मनाशी हिशेब पक्का केला होता: सगळ्या पट्ट्या रिकाम्या म्हणजे बाबा बरे. ती रिकाम्या पट्ट्यांची भरलेली पिशवी घेऊन शाळेत जाणार, सगळ्यांसमोर सुक्या डब्यात ओतणार, आणि ते दुखणं तिथे संपणार. पोरीचं गणित ते. चुकीचं म्हणावं तर म्हणा, पण त्या गणितावर ती रोज उठत होती.

बापाला तिने हे सांगितलं नव्हतं. त्याने ओळखलं मात्र असावं. गोळी गिळली की तो पट्टी झटकून बघायचा, रिकामी झाली असेल तर ऐटीत पुढे करायचा. "घ्या बाईसाहेब, कच्चा माल. माझं हे शरीर नाही राहिलं आता, सुक्या कचऱ्याचा कारखाना झालाय."

"मग उत्पादन वाढवा," ठकी म्हणायची.

"मालक गोळ्या वाढवत नाहीत, मी काय करू?" तो हसायचा, मग खोकायचा, मग हात वर करून थांब म्हणायचा आणि उरलेलं हसू खोकला थांबल्यावर पुरं करायचा. "शूटिंग कधी म्हणालीस तुझं?"

"शेवटच्या आठवड्यात."

"मग तोवर ड्युटी सोडता येत नाही. फ्यूज उडाला तरी बेहत्तर."

पट्ट्या दाराच्या खुंटीला टांगलेल्या कापडी पिशवीत जायच्या. ती हळूहळू फुगत होती. आई कामावरून आली की तिला सहज हात लावून बघायची.

शाळेत काम मार्गी लागलं. पोपटाने सगळं निवेदन एका दमात रेकॉर्ड केलं, आणि ते इतकं हसतमुख झालं, की बाई म्हणाल्या, "बाळा, कचऱ्याचं बोलतोयस, लग्नाचं आमंत्रण नाही देत." संहिता मंजूर होऊन तिची ओळ हिरवी झाली. ओल्या कचऱ्याला भाज्यांची देठं, फळांची सालं आली. सगळं घरून धुऊन आणलेलं, कारण खऱ्या कचऱ्यात पोरांनी हात घालायचा नाही अशी शाळेची सक्त ताकीद. फक्त तिसऱ्या डब्याची ओळ लाल झाली ती लालच राहिली. पोपटाची आजी कपाट उघडू देईना. मुदत संपली म्हटलं तर म्हणाली, "तारखा कंपनीच्या. गुण मला येतो ना?" लांब्याने घरी विचारलं, कासवाने विचारलं. एकीच्या घरी कोणी आजारीच पडत नव्हतं, दुसऱ्याच्या घरी सगळं फेकून दिलेलं. चांदीच्या कागदात पेपरमिंट गुंडाळू या, असंही लांब्याने सुचवून पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ठकी त्या लाल ओळीकडे बघायची आणि तिला बरं वाटायचं. कोणाच्याच घरी औषध उरत नाही, हे चांगलंच की.

ओल्या कचऱ्याचं शूटिंग चालू असताना शाळेच्या कार्यालयातून लेखनिक आले. ठकी तेव्हा मैदानाच्या कडेला सालं ताटात लावत होती. लेखनिक बाईंच्या कानाशी काही बोलले. बाईंनी ठकीचं दप्तर स्वतः उचललं आणि म्हणाल्या, "चल बाळा, तुझी आत्या फाटकाशी आलीय." बाई कोणाचं दप्तर उचलत नसत. ठकीला तिथेच कळलं. तिच्या हातात केळ्याचं साल होतं, ते तसंच हातात धरून ती फाटकापर्यंत गेली.

बाप गेला तेव्हा कोर्स संपायला बरेच दिवस होते.

घरात माणसं आली, बसली, गेली. आत्या राहिली. सगळ्यांनी ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईला धीर द्यायला सांगितलं. एवढ्याशा पोरीने कुठून द्यायचा धीर? सकाळ-संध्याकाळ गोळ्यांची वेळ झाली की ती आपसूक उठायची, पाण्याचा पेला भरायची, आणि मग भरलेला पेला हातात घेऊन उभी राहायची. एकदा आईने तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. मग दोघी रडल्या.

फळीवर गोळ्यांचा डबा होता तसाच होता. एक पट्टी अर्धी, बाकीच्या कोऱ्या करकरीत. आई दुकानात विचारून आली होती. एकदा विकलेल्या गोळ्या परत घेत नाहीत म्हणाले. मग तिने डबा फळीवर ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. खुंटीवरची पिशवीही कोणी काढली नाही.

असेच काही दिवस गेले, आणि एका दुपारी ठकीने आईच्या मोबाइलवर तो तक्ता उघडला. का उघडला, तिलाही सांगता आलं नसतं. बघते तर काय, सुक्या कचऱ्याची ओळ हिरवीगार. सामान आणि हात: पोपट. बिस्किटांच्या पुड्यांवर आणि पाण्याच्या बाटलीवर त्यांनी शॉट उरकला होता. तिचं नाव सगळ्या ओळींतून गेलं होतं. ते एकाच ठिकाणी होतं, अगदी तळाशी, जिथे शिपाईकाका आणि शूटिंगला पाण्याची टाकी देणाऱ्यांची नावं होती: विशेष आभार.

बाबा गेले ते गेले, आणि ही पोरं आपल्यालाही पुसून मोकळी झाली! तिला रागही आला, आणि रडूही. पिशवी खुंटीला लटकतच राहिली आणि सुका कचरा होऊनही गेला. आता ती कशासाठी होती?

तेवढ्यात तिची नजर वरच्या ओळीवर गेली. तिसरा डबा. लाल. शेवटच्या रकान्यात मुकादमाने लिहिलं होतं: औषध मिळत नाही. शुक्रवारपर्यंत नाही मिळालं तर नुसतं चित्र लावू.

तिने फळीकडे पाहिलं. मग आईजवळ गेली. आई कापड घडी करत होती.

"आई, बाबांच्या उरलेल्या गोळ्या शाळेत नेऊ?"

उरलेल्या. शब्द ठकीच्याच तोंडातून निघून गेला. इतके दिवस हाच शब्द तिने घराच्या उंबऱ्याबाहेर अडवून धरला होता.

आईने विचारलं नाही कशाला. तीच घडी दोनदा मोडली, दोनदा घातली. "ने," ती म्हणाली. "मला त्या बघवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. पण अगं, कुठेतरी भिरकावू नकोस. नीट टाक."

शुक्रवारी ठकी शाळेत आली तेव्हा चौघं विज्ञानाच्या खोलीत होती. तिला बघून पोपटाचं बोलणं मध्येच तुटलं, आणि ते सहसा होत नाही.

"तू कशाला आलीस?" मुकादम म्हणाला आणि लगेच स्वतःचीच जीभ चावली. "म्हणजे, नसती आलीस तरी चाललं असतं. आम्ही केलंय सगळं."

"दिसलं मला. माझी ओळ मला न विचारता बदललीस."

"जोडीदाराने करायचं असंच ठरलं होतं ना," तो अजिजीने म्हणाला. "आम्हांला वाटलं, तुला त्रास नको. तुझ्या घरी अशा वेळी कोण विचारणार? मला भीती वाटली गं फोन करायला."

तो खरं बोलत होता. इतर दिवशी सगळ्यांवर ओरडणाऱ्या त्या पोराचे कान लाल झाले होते. ठकीच्या रागाला धरायला काही राहिलंच नाही.

"आभारातून माझं नाव काढ," ती म्हणाली. "मी काही पाण्याची टाकी दिलेली नाही." पोपटाला हसू फुटलं, त्याने ते तोंडातच दाबलं. "आणि तिसऱ्या डब्याची ओळ माझ्या नावावर कर. पोपट, तुझी ओळ आहे. तुला विचारते. देतोस का?"

पोपटाने मान डोलावली. तिने दप्तरातून डबा काढून टेबलावर ठेवला आणि उघडला.

आमच्या घरी एकही उरणार नाही, असं ती याच खोलीत ताडकन उभी राहून म्हणाली होती, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. बाई खिडकीशी वह्या तपासत होत्या. त्या उठून आल्या, ठकीच्या पाठीवर हात ठेवला. "नको असेल तर नको हं, ठकी. चित्र लावलं तरी गुण कमी होणार नाहीत."

"नीट टाकायच्यात, बाई," ठकी म्हणाली. "आईने सांगितलंय."

मग काम सुरू झालं. टेबलावर पांढरा कागद, कागदावर तिसरा डबा. लांब्याने दोन्ही हात लांब करून कॅमेरा वर धरला, चौकटीत फक्त हात आणि डबा. शॉटची लांबी निवेदनाशी जुळावी म्हणून कासवाने पोपटाचं रेकॉर्डिंग लावलं. आणि खोलीत तो लग्नाच्या आमंत्रणासारखा आवाज घुमला: "घरात उरलेलं औषध कधीही इकडेतिकडे टाकू नका! पट्टीसकट कागदात गुंडाळा, वर लिहा, आणि तिसऱ्या डब्यात वेगळं ठेवा!"

खरा पोपट कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ठकीने पट्टी उचलली. गुंडाळली. कागदावर लिहिलं: औषध. डब्यात ठेवली.

"हात हलला," लांब्या हळूच म्हणाला. "परत घ्यावा लागेल."

ठकीने डब्यात हात घालून पुडी बाहेर काढली, कागद सोडला. पट्टी पुन्हा तिच्या हातात आली. गोळ्या जागच्या जागी. दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग लागलं, दुसऱ्यांदा पुडी डब्यात गेली.

"मस्त आला," लांब्या म्हणाला. "एकदम बरोबर."

"नाही. परत घेऊ." तिने पुडी काढली.

तिसऱ्यांदाही चांगला आला. "परत," ठकी म्हणाली, आणि पट्टी हातात धरून वाट बघत राहिली. चौथ्यांदा लांब्याने काही विचारलं नाही. पाचव्यांदा त्याचे दंड थरथरायला लागले, तरी त्याने कॅमेरा खाली घेतला नाही. कासव दर वेळी रेकॉर्डिंग मागे नेत होती, आणि दर वेळी पुडी डब्यात पडली की ठकी ती परत बाहेर काढत होती. शेवटी तिलाच ते कळलं. हात डब्याच्या काठावर थांबला. तिने मुकादमाकडे पाहिलं. तक्ता त्याच्यापुढे उघडा होता, आणि त्यात त्या दिवसाच्या पुढे मोकळी जागा नव्हती.

"उशीर होतोय का रे?" तिने विचारलं.

मुकादमाने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि संगणकाचा पडदा खाली केला.

"नाही," तो म्हणाला. "भरपूर वेळ आहे. घे तू."